विहिरीतला बेडूक नक्की कोण?

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. एक बीड जिल्ह्यातल्या एका गावाची, एक मुंबईची आणि तिसरी मी. पहिल्याच आठवड्यात तिघी मेट्रोने निघालो, तर बीडवाली गेटपाशीच अडकली. तिकीट हातात होतं, पण ते स्कॅन करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. मागे रांग लागली. मुंबईकरीण हसत म्हणाली, ‘‘अगं, किती विहिरीतला बेडूक आहेस गं तू!’’ आम्ही हसलो. तीही हसली, पण परत येईपर्यंत फारसं बोलली नाही.

तुम्हीही ही म्हण अशीच वापरत असाल. कुणी मॉल पाहिला नाही, कुणाला पास्ता ऑर्डर करता आला नाही, कुणी तालुक्याच्या बाहेर पडलं नाही, की झाला तो बेडूक! माझं म्हणणं एवढंच आहे की म्हणीचा अर्थ हा नाहीच. आणि अर्थ चुकला की म्हण नको त्या माणसाला जाऊन लागते.

मुळात गोष्ट काय आहे ते आठवा. स्वामी विवेकानंदांनी ती १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत सांगितली होती. (‘बंधू-भगिनींनो’वालं भाषण ११ तारखेचं, हे त्यानंतरचं.) एका विहिरीत एक बेडूक राहत असतो. तिथेच जन्मलेला, तिथेच वाढलेला. पाण्यातले किडे खाऊन तो विहीर साफ ठेवतो आणि त्यावर गुटगुटीतही होतो. एक दिवस समुद्रातला बेडूक तिथे येऊन पडतो. विहिरीतला विचारतो, ‘‘कुठला तू?’’ ‘‘समुद्रातला.’’ ‘‘समुद्र केवढा असतो? एवढा?’’ असं म्हणून हा या काठापासून त्या काठापर्यंत एक उडी मारून दाखवतो. पाहुणा म्हणतो, ‘‘अरे बाबा, समुद्राची आणि विहिरीची तुलना कशी करणार?’’ हा आणखी एक उडी मारतो. ‘‘मग एवढा?’’ आणि शेवटी ठरवून टाकतो, की माझ्या विहिरीहून मोठं काही असूच शकत नाही. हा खोटारडा आहे, हाकला याला!

आता सांगा, बेडकाचं चुकलं कुठे? विहिरीत जन्मला ही त्याची चूक नाही. समुद्र पाहिला नव्हता हीसुद्धा नाही. उलट ‘केवढा असतो?’ हा त्याचा पहिला प्रश्न अगदी योग्य होता. चुकली ती उडी. आपल्याकडे जे माप आहे त्याच मापाने समोरच्याचं जग मोजायचं, आणि ते मापात बसलं नाही की समोरच्याला खोटं पाडायचं, याला म्हणायचं विहिरीतला बेडूक. मेट्रोच्या गेटवर अडकलेल्या मुलीने असं काहीच केलं नव्हतं. तिला एक गोष्ट माहीत नव्हती, इतकंच. ती तिने दोन मिनिटांत शिकून घेतली.

ही शिवी जुनीही फार आहे. अग्रलेखात आपण ‘कूपमंडूक वृत्ती’ वाचतो ना, तो कूपमंडूक थेट संस्कृत व्याकरणातला. पाणिनीच्या एका सूत्राबरोबर कुणाला तरी नावं ठेवण्यासाठी वापरायच्या सामासिक शब्दांची यादीच दिलेली असते. तिच्यात कूपमंडूक आहे, उंबरातलं चिलट आहे, घरातल्या घरात शौर्य गाजवणारा ‘गेहेशूर’ आहे आणि, हे मला फार आवडलं, ‘नगरकाक’ म्हणजे शहरातला कावळाही आहे! म्हणजे यादी करणाऱ्यांनी शहरवाल्यांनाही सोडलेलं नाही.

आता खोलीतला दुसरा प्रसंग. बीडवाली एकदा गावाकडच्या उन्हाळ्याबद्दल सांगत होती. पाण्यावरून होणारी भांडणं, पहाटे उठून लावलेले नंबर वगैरे. मुंबईकरीण म्हणाली, ‘‘पण सरकारचा टँकर येतो ना? मग भांडायचं कशाला? आमच्या सोसायटीतही मे महिन्यात टँकर येतो. काही प्रॉब्लेम होत नाही.’’ ‘‘अगं, तसं नसतं,’’ ही म्हणाली. ‘‘तसंच असतं गं. तुम्ही लोक उगाच वाढवून सांगता.’’

झाली की नाही उडी? दोघी ‘टँकर’ हा एकच शब्द वापरत होत्या. मुंबईच्या सोसायटीत टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो, पंप ते पाणी वर चढवतो आणि नळाला येतं. घरातल्यांना टँकर आल्याचं कळतही नाही. हिच्या गावात टँकर येतो आणि पाणी गावच्या विहिरीत ओततो. मग काठावर गर्दी, ज्याचा त्याचा दोर, ज्याची त्याची बादली. पहिल्यांदा पोहोचेल त्याला स्वच्छ पाणी आणि शेवटी येणाऱ्याच्या बादलीत गाळ. म्हणजे त्या विहिरीच्या काठावर उभी राहिलेली मुलगी बेडूक नव्हती. विहीर होती ती विसाव्या मजल्यावर!

उलटंही होतं बरं का. हीच बीडवाली महिनाभराने म्हणाली, ‘‘शहरातल्या माणसांना माणुसकीच नसते.’’ चार दुकानदार आणि एक वॉर्डन पाहून! मी लगेच म्हटलं, ‘‘मारलीस उडी.’’ आणि ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ असं म्हणून जे प्रत्येक चर्चा मिटवतात, त्यांच्यापासूनही जरा सावध राहा. ती म्हण चांगलीच आहे, पण बेडकांना ती फार सोयीची पडते.

‘मग उपाय सोपा आहे, विहिरीतून बाहेर पडा,’ असं तुम्ही म्हणाल. मला तेही पटत नाही. पंचतंत्रात गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा आहे. भाऊबंदांच्या त्रासाला कंटाळून तो रहाटगाडग्याच्या घटाला धरून विहिरीबाहेर पडतो. बाहेरचं जग त्याच्यासमोर पसरलेलं असतं. आणि तो काय करतो? भाऊबंदांचा सूड घ्यायला एका सापाला घेऊन त्याच विहिरीत परततो. साप भाऊबंदांना खातो, मग गंगदत्ताच्या माणसांना, मग त्याच्या मुलालाही. बाहेर पडूनही त्याच्या डोक्यात विहिरीतलं भांडणच होतं. परदेशात वीस वर्षं राहून गावच्या बांधावरची भावकी व्हॉट्सअॅपवर लढवणारे काका तुमच्याही ओळखीचे असतील.

म्हणून कुणाला बेडूक म्हणण्याआधी मी आता एकच गोष्ट बघते. नवीन काही ऐकल्यावर हा माणूस प्रश्न विचारतोय की ‘आमच्याकडे तर…’ म्हणून उडी मारतोय? पहिला असेल तर त्याला फार तर ‘अजून पाहिलं नाहीये त्याने’ म्हणा, त्यासाठी म्हण लागत नाही. दुसऱ्याला खुशाल बेडूक म्हणा, मग तो कुठेही राहत असो. फक्त म्हणताना विवेकानंदांनी काय केलं ते लक्षात असू द्या. गोष्ट संपवून त्यांनी हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान असे सगळेच आपापल्या विहिरीत बसलेले दाखवले. आणि सुरुवात केली ती स्वतःपासून, मी हिंदू माझ्या विहिरीत बसलोय म्हणून.

मुंबईकरीण या मे महिन्यात बीडला जाणार आहे. परवा बॅग भरायचा विषय निघाला, तेव्हा तिने विचारलं, ‘‘तुमच्या विहिरीला दोर किती लांब लागतो गं?’’

‘‘मार्चमध्ये कमी लागतो,’’ ही म्हणाली. ‘‘मे महिन्यात दोन जोडावे लागतात.’’