सब्जा, तुळस, पुदिना : आधी देठ, मग वास

रमजानच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात एक अडचण असते, ती बाकीच्या अकरा महिन्यांत जाणवत नाही. इफ्तारची चटणी वाटायची असते, पण रोजा असल्यामुळे पान तोंडात टाकून बघायची सोय नसते. भज्यांचं मीठ अंदाजानं पडतं, सरबताची साखर अंदाजानं पडते, आणि हिरव्या जुडीत नेमकं काय आलंय तेही न चाखता ठरवावं लागतं. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक घरात एकच गोष्ट होते. पान चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा. पुदिना, सब्जा आणि तुळस यांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. नाक शेवटी यायला हवं. त्याआधी बोटांनी देठ बघायला हवा.

याचं कारण ही तिन्ही एकाच कुळातली भावंडं आहेत. तिघांचीही कोवळी काडी चौकोनी असते. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली की चार कडा बोटांना लागतात. तिघांचीही पानं जोडीजोडीनं, एकमेकांसमोर येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते. तिघांच्याही पानांवर सुगंधी तेलाचे बारीक ठिपके असतात, म्हणून हात लागला की वास सुटतो. तेव्हा ‘काडी चौकोनी आहे आणि वास येतोय’ एवढ्यावरून फार तर घराणं कळतं, माणूस नाही. तेही नेहमी कळतं असं नाही. रस्त्याकडेला आणि माळावर माजलेली घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, तिचीही काडी चौकोनी, पानं समोरासमोर आणि वास उग्र. ती या कुळातली नाही आणि गुरांना ती विषारी आहे. तिचं पान खरखरीत असतं, जुन्या काडीवर बारीक काटे असतात. तेव्हा कुंपणावरचं सुगंधी पान ओळखीचं वाटलं म्हणून कोणी ते चटणीत घालू नये.

तिघांतून पुदिना वेगळा काढणं सोपं आहे. बाजारात जो पुदिना मिळतो त्याच्या पानाला देठ अगदी आखूड असतो. पुष्कळदा पान थेट काडीवर बसल्यासारखंच दिसतं. पानावर शिरा खोल रुतलेल्या असतात, त्यामुळे ते सुरकुतलेलं दिसतं, आणि कडेला करवतीसारखे दाते असतात. कुंडीतलं रोप असेल तर आणखी खात्रीची खूण खाली मिळते. पुदिना पसरतो. त्याच्या काड्या जमिनीवर आडव्या होतात, पेरापेराला मुळं धरतात आणि मातीखालूनही धावतात. तुळस आणि सब्जा असं करत नाहीत. ते एका बुंध्यावर उभे राहतात आणि वर फांद्या फोडतात. काडी पाण्यात ठेवली आणि मुळं फुटली म्हणून तो पुदिनाच, असं काहीजण समजतात. त्यात तथ्य नाही, कारण तुळशीची आणि सब्ज्याची काडीही पाण्यात मुळं धरते.

खरा घोळ तुळस आणि सब्जा यांच्यात होतो, आणि तो चटणीपुरता राहत नाही. एक झाड वृंदावनात लागतं, दुसऱ्याच्या काड्या कब्रस्तानाच्या दाराशी गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर विकल्या जातात आणि कबरीवर वाहिल्या जातात. दोन्ही घरांना आपापलं झाड हवं असतं, आणि रोप लहान असताना ती दोन्ही जुळी वाटतात.

इथे उपयोगी पडते ती लव. तुळशीची कोवळी काडी उजेडासमोर आडवी धरली की तिच्यावर बारीक, सरळ उभे केस दिसतात. ते पानाच्या देठावर असतात, पानाच्या खालच्या बाजूच्या शिरांवरही असतात. बोट फिरवलं तर पान किंचित मखमली आणि कोरडं लागतं. सब्ज्याची काडी बहुधा गुळगुळीत असते. शेंड्याकडे थोडी लव असू शकते, पण पानाचा पृष्ठभाग साफ, जरा तुकतुकीत आणि रसदार असतो. तुळशीच्या पानाची कड दातेरी असते आणि टोक बऱ्याचदा बोथट. सब्ज्याचं पान टोकाकडे निमुळतं होत जातं. त्याची कड जवळपास सरळ असते, दाते असलेच तर तुरळक. जून झाडाच्या बुंध्यावरूनही कळतं. तुळशीचा बुंधा लाकडासारखा होतो आणि झाड दोन-तीन वर्षं टिकतं. सब्जा एका हंगामाचा पाहुणा. बी धरलं की तो वाळायला लागतो.

रंगावर मात्र कोणी जाऊ नये. जांभळी ती तुळस आणि हिरवा तो सब्जा, ही समजूत गावोगाव आहे. पण तुळस पूर्ण हिरवीही असते, घरात तिला राम तुळस म्हणतात, आणि सब्ज्याच्या काड्याही जांभळट असू शकतात. शिवाय ऊन लागलं, पाणी कमी पडलं की तुळशीचं पान लहान होतं आणि काळपटतं. तेच झाड पावसाळ्यात बघितलं तर ओळखू येत नाही.

समजा, दोन घरांत एकच सामाईक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला काकूंच्या कुंडीत तुळस म्हणून आणलेलं वीतभर रोप आहे. ते भराभर वाढतंय, पण काकूंचं मन घेत नाही.

“भाभी, जरा बघता का? नर्सरीवाल्यानं तुळस म्हणून दिलंय, पण वास निराळाच येतोय.”

“वास राहू द्या काकू, आधी काडी दाखवा.”

भाभी शेंड्याकडची काडी उजेडाला धरतात. कडा चार आहेत, म्हणजे घराणं जुळलं. केस दिसत नाहीत, फक्त अगदी टोकाच्या कळीवर थोडी लव आहे. पानाला बोटाच्या पेराएवढा देठ आहे, म्हणजे पुदिना नाही. पान गुळगुळीत, टोक निमुळतं, कड जवळपास सरळ. आता तुरा. तुळशीची मंजिरी बारीक असते आणि तिची फुलं इवलीशी, जांभळट. इथे तुऱ्यावर फुलांचे घोस थोड्या थोड्या अंतरावर आहेत, आणि फुलं पांढरी, तुळशीपेक्षा ठळक मोठी. एवढं झाल्यावर भाभी पान चुरगाळतात. बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. तुळशीला लवंगेचा तिखट वास असतो, कारण लवंगेत जे तेल असतं तेच तुळशीतही असतं. तो इथे नाही.

“हा सब्जा आहे, काकू. उपटू नका. बी धरू द्या, उन्हाळ्यात सरबताला होईल. तुळशीचं रोप आमच्या अम्मी देतील, त्यांच्या दाराशी चार उगवलीत.”

या तपासणीत वास सगळ्यात शेवटी आला आणि त्यानं फक्त शिक्कामोर्तब केलं. त्यालाच पहिला साक्षीदार केलं असतं तर गडबड झाली असती, कारण वासाच्या तीन अडचणी आहेत. एक म्हणजे सब्ज्याचा वास सगळीकडे एक नसतो. कुठे बडीशेप, कुठे लिंबाची झाक, कुठे थोडी लवंगही. लवंगेकडे झुकणारा सब्जा नाकाला तुळस वाटतो. दुसरी अडचण बोटांची. एक पान चुरगाळलं की त्याचं तेल बोटावर राहतं आणि दुसऱ्या पानाला पहिल्याचा वास येतो. मधे साबणानं हात धुतल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. तिसरी अडचण बाजाराची. पुदिन्याची जुडी तासन्‌तास कोथिंबिरीखाली दबलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत दोघींचा मिळून एकच हिरवा वास होतो. पानाचा आकार असा मिसळत नाही. दिवसभराच्या उपासानं नाक जास्त तल्लख होतं असं म्हणणारे भेटतात. होतही असेल, पण तल्लख नाकालाही मिसळलेला वास सुटा करता येत नाही.

अगदी कोवळ्या रोपांपुढे मात्र या सगळ्या खुणा थकतात. बी फुटून पहिली दोन पानं आली असताना तुळस कोणती, सब्जा कोणता, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तीन-चार जोड्या येईपर्यंत थांबावं, लव तेव्हाच नीट दिसते. नर्सरीत एवढ्याशा रोपाला ‘तुळस’ अशी चिठ्ठी लावून विकतात तेव्हा विकणाऱ्याचा भरवसा रोपावर नसतो, बियांच्या पाकिटावर असतो.

या गोंधळात शब्दांचाही वाटा मोठा आहे. इंग्रजीत तुळशीला ‘होली बेसिल’ म्हणतात, म्हणून मोबाइलवरच्या पाककृतीत ‘बेसिल’ दिसलं की अंगणातली तुळस खुडली जाते, आणि टोमॅटोच्या रश्श्याला काढ्याची चव येते. त्या पाककृतीला हवा असतो तो सब्ज्याचा सख्खा भाऊ. मोठ्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत चढ्या भावानं मिळणारं बेसिल आणि कब्रस्तानाच्या दाराशी स्वस्तात मिळणारा सब्जा, ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकच जात आहे. वाण वेगळे आहेत, एवढंच. दुकानातल्याचं पान मोठं, फुगीर आणि गोडसर, आपल्याकडच्याचं लहान, अरुंद आणि जरा झणझणीत. इंग्रजी नावाला इतका भाव आणि देशी नावाला फक्त कबरीवरची जागा, ही गंमत बाजाराची आहे, झाडाची नव्हे.

बियांच्या बाबतीत तरी दुकानदारांनी नाव नीट सांगावं, कारण रमजानमध्ये खप त्याचाच असतो. काही ठिकाणी सब्ज्याचं बी ‘तुळशीचं बी’ म्हणूनच मागितलं जातं आणि दिलंही जातं. इथे पारख पाण्यात होते. चमचाभर बी वाटीभर पाण्यात टाकावं आणि पंधरा मिनिटं थांबावं. सब्ज्याचं बी काळं आणि लांबट असतं. तेवढ्या वेळात त्याच्याभोवती जाड, दुधाळ, बुळबुळीत आवरण धरतं आणि मधे काळा ठिपका राहतो. तुळशीचं बी त्याहून बरंच बारीक आणि तांबूस-तपकिरी. तेही थोडं बुळबुळीत होतं, पण फुगून फालुद्यात तरंगण्याएवढं नाही. हल्ली चियाही याच बरणीशेजारी असतं. त्याचा दाणा राखाडी, चकचकीत आणि ठिपक्यांचा असतो, आणि फुगायला तो सब्ज्यापेक्षा जास्त वेळ घेतो. मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली असताना चिया भिजत घातलं, तर सरबताच्या तळाशी कोरडे दाणेच सापडतात.