सोडतीचे तिकीट आणि घरचा हिशेब

कर्नाटक सरकारने २००७ साली आपल्या राज्यात लॉटरीची विक्री बंद केली; महाराष्ट्राची राज्य लॉटरी मात्र १९६९ पासून आजतागायत चालू आहे. बेळगावहून चंदगडच्या वाटेने निघालेला मनुष्य शिनोळीपाशी महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतो, तेव्हा ही बंदी तेथेच संपते. सीमाभागातील घराघरांत लॉटरीवरून वाद झडतात ते यामुळेच. एकजण नित्यनेमाने तिकिटे आणतो, बाकीचे चिडतात. ‘नशिबात असेल तर मिळेल’ असे एक म्हणतो, ‘आपल्या नशिबात नाही’ असे दुसरा बजावतो. नशीब असे दोन्ही पक्षांनी साक्षीला बोलावले की निकाल लागणे अशक्यच. आमच्या मते या वादातून नशिबास रजा द्यावी आणि तिकीट हातात घेऊन गणित मांडावे. तिकिटावर किंमत, मालिका आणि अंक छापलेले असतात. बक्षिसांची यादीही मिळते. तेवढी सामग्री पुरते.

उदाहरणासाठी एक सोपे तिकीट कल्पू. किंमत २० रुपये, मालिका दहा, क्रमांक पाच अंकी. पाच अंकांचे एक लाख क्रमांक होतात. दहा मालिकांची मिळून दहा लाख तिकिटे, आणि सारी खपली तर जमा दोन कोटी रुपये. पहिले बक्षीस २५ लाखांचे, एकच. शेवटचे चार अंक जुळल्यास दोन हजार रुपये. असे दहा क्रमांक काढले जातात, म्हणजे हजार तिकिटांना मिळून २० लाख. शेवटचे दोन अंक जुळल्यास शंभर रुपये. अशा पाच जोड्या, म्हणजे पन्नास हजार तिकिटांना मिळून ५० लाख. एकूण वाटप ९५ लाख. वीस रुपयांपैकी साडेनऊ रुपये परत फिरले. उरलेले गेले कोठे? २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर शेकडा ४० वस्तू व सेवा कर आहे. कर धरून वीस रुपये किंमत असेल तर त्यातील सुमारे पावणेसहा रुपये तेथेच जातात. बाकीच्यात विक्रेत्याचे कमिशन, छपाई आणि सरकारचा वाटा.

आता साडेनऊपैकी अडीच रुपये त्या एकाच मोठ्या बक्षिसात अडकलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे. सामान्य खरेदीदाराच्या वाट्याला सरासरीने येतात ते सातच. उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत काम करणारा कुटुंबप्रमुख रोज पाच तिकिटे, महिन्याचे पंचवीस दिवस घेतो असे धरू. १२५ तिकिटे, २५०० रुपये. शंभराची बक्षिसे त्याला महिन्यातून सहाएक वेळा लागतील, दोन हजारांचे आठ महिन्यांतून एकदा. सरासरी परतावा ८७५ रुपये, तूट १६२५. वर्षाची १९,५००. महिन्यातून सहा वेळा ‘लागले’ असे म्हणत तो घरी येतो, आणि हे सहा आनंदाचे दिवसच तूट झाकतात.

पहिल्या बक्षिसाचे काय? वर्षाला १५०० तिकिटे या वेगाने दहा लाख तिकिटे घ्यावयास सहाशे सहासष्ट वर्षांहून अधिक काळ लागेल. तीस वर्षे न चुकता खेळणाऱ्या शंभर जणांपैकी चार-पाच जणांना ते लागेल, बाकीच्यांना नाही. लागलेच तर आयकर शेकडा ३० आणि त्यावर उपकर मिळून ७ लाख ८० हजार जातात. हाती १७ लाख २० हजार येतात.

घरच्या मंडळींना खरी अडचण येते ती या आकड्यांची नव्हे, ‘थोडक्यात हुकले’ या शब्दांची. ४७३८१ निघाला आणि हाती ४७३८२ होता, की मनुष्य दुप्पट तिकिटे घेतो. परंतु प्रत्येक अंक स्वतंत्रपणे निघतो. ४७३८२ हा निकालाच्या जितका जवळ, तितकाच ९०२१० जवळ. दोन्ही हरलेले. तसाच दुसरा भ्रम ‘बरेच दिवस न आलेल्या’ अंकाचा. शेवटच्या जागी एखादा ठराविक अंक वीस सोडतींत न येण्याची शक्यता शंभरात बारा असते. अंक दहा असल्याने त्यांपैकी एखादा वीस सोडतींत गैरहजर राहणे ही नेहमीचीच गोष्ट. त्यावरून पुढच्या सोडतीचे काहीच कळत नाही. जुन्या निकालांचे तक्ते विकणाऱ्यांचा धंदा मात्र त्यावर चालतो.

हे सारे पटवून देण्याची वेळ सोडतीची संध्याकाळ नव्हे. हरलेल्या माणसाला गणित सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. सुटीच्या दिवशी, चहा झाल्यावर, मुलाने म्हणावे, “बाबा, तिकिटे घेऊ नका असे मी म्हणत नाही. चार आठवडे सगळी तिकिटे एका डब्यात ठेवा आणि वहीत तुम्हीच लिहा, किती गेले, किती आले.” वही त्यांनीच लिहावी, कारण दुसऱ्याने लिहिलेली वही म्हणजे आरोपपत्र ठरते. महिन्याअखेर आकडा समोर आला की मग रक्कम ठरवावी.

ती ठरवताना किराणा, वीजबिल, फी, कर्जाचा हप्ता आणि भिशी वगळून वडिलांच्या स्वतःच्या खर्चात जे उरते, त्यातूनच घ्यावी. सिनेमाला किंवा पानाला जसे पैसे, तसे. दोनशे रुपये म्हणजे दहा तिकिटे. मर्यादा तिकिटांच्या संख्येत नव्हे, रुपयांत धरावी, कारण दर बदलतात. आणि महिन्याची धरावी, रोजची नव्हे, कारण ‘काल घेतले नाही म्हणून आज दुप्पट’ हे रोजच्या मर्यादेत सहज घुसते. पैसे पहिल्या तारखेला पाकिटात वेगळे काढावेत. पाकीट रिकामे झाले की महिना संपला.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात: लागलेल्या शंभर-दोन हजारांचे काय करायचे. ‘हे तर जिंकलेले पैसे’ म्हणून त्यांचीच तिकिटे घेतली, तर वरच्या उदाहरणातील ८७५ रुपये पुन्हा फिरतात, त्यातले तीनशे परततात, तेही फिरतात. अखेर १६२५ नव्हे तर पूर्ण २५०० रुपये जातात. म्हणून बक्षिसाची रक्कम पाकिटात न टाकता घरखर्चात जमा करावी, आणि वहीत तसे लिहावे.

ही व्यवस्था जेथे मर्यादा पाळण्याची शक्ती शाबूत आहे तेथेच चालते, हेही सांगितले पाहिजे. तिकिटे लपवली जाऊ लागली, हातउसने पैसे घेतले जाऊ लागले, गेलेले भरून काढण्यासाठी डाव वाढू लागला, किंवा मर्यादा दोन महिने सलग मोडली, तर वही आणि पाकीट पुरे पडत नाही. ती सवय राहिलेली नसून आजार झालेला असतो. तेव्हा दागिने आणि बँकेचे पासबुक घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावे, उसने देणाऱ्या शेजाऱ्यांना शांतपणे सांगून ठेवावे, आणि मानसोपचाराचा सल्ला घ्यावा. धारवाडला त्यासाठी मानसिक आरोग्य संस्था आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तेथे आजारी माणसाच्या घरच्यांनीही फोन करण्यास हरकत नसते.