घुमणारी खोली आणि जुनी गोधडी

‘आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत,’ अशी तक्रार घरातील ज्येष्ठ वारंवार करीत असतील, तर कानांबरोबर खोलीचीही तपासणी करावी. गुळगुळीत फरशी, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आणि मोजकेच सामान असलेल्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून मागे रेंगाळतो. बोलण्यातील स्वरांचा हा खर्जातील घुमारा पुढच्या ‘क’, ‘त’, ‘स’ अशा नाजूक व्यंजनांना झाकून टाकतो. श्रवणयंत्र हा घुमाराही मोठा करते, त्यामुळे केवळ आवाज वाढवून उपयोग होत नाही.

मापनासाठी मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप पुरेसे आहे. त्याचा आकडा अचूक असेलच असे नाही. परंतु एकाच फोनने घेतलेल्या दोन मापनांतील फरक उपयोगी पडतो. पंखा व दूरदर्शनसंच बंद करा. रेडिओ दोन केंद्रांच्या मधोमध लावल्यास जी एकसारखी खरखर येते, ती ठरावीक आवाजावर ठेवा. फोन उशीपाशी, कानाच्या उंचीवर आणि रेडिओपासून किमान दोन मीटर दूर असावा. फार जवळ ठेवल्यास रेडिओचा थेट आवाजच मोजला जाईल. अर्ध्या मिनिटाची तीन मापने घेऊन त्यांची सरासरी लिहून ठेवा.

यानंतर दुसरी, अधिक महत्त्वाची चाचणी करा. ज्येष्ठांना डोळे मिटून बसवा आणि दोन मीटरवरून नेहमीच्या आवाजात वीस शब्द एकेक करून उच्चारा. पाटी, वाटी, काठी, गाठी असे सारख्या नादाचे शब्द निवडा. त्यांनी किती शब्द बरोबर परत सांगितले, ते मोजा. पुढील प्रत्येक वेळी तितकीच कठीण, पण निराळी यादी घ्या; अन्यथा पाठांतराचेच गुण मिळतील.

आता शोषकांकडे वळू. तीस अंड्यांचा कागदी ट्रे साधारण एक फूट लांब-रुंद असतो; एक चौरस मीटर भिंतीला सुमारे अकरा ट्रे लागतात. त्याचा लगदा पातळ असल्याने तो मुख्यतः वरच्या पट्टीचा आवाज थोडाफार शोषतो; खर्जातील घुमाऱ्यावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. येथेच आकडा फसवू शकतो. रेडिओच्या खरखरीत वरच्या पट्टीचा भाग मोठा असतो, म्हणून ट्रे लावल्यावर आकडा उतरलेला दिसेल आणि तरीही शब्दांचे गुण फारसे वाढलेले नसतील. शिवाय ट्रे लवकर पेटतात, धूळ धरतात, आणि वापरलेल्या ट्रेमध्ये अंड्यांचे अवशेष राहून झुरळे येतात. आजाऱ्याच्या खोलीत ते नकोतच.

जुन्या साड्यांची जाड गोधडी अधिक कामाची आहे. मात्र ती भिंतीला चिकटवू नये. भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ थांबते, आणि कापड आवाज शोषते ते हलणाऱ्या हवेच्या घर्षणातूनच. म्हणून लाकडी पट्टीवरून ती भिंतीपासून दोन ते चार इंच पुढे टांगा. कापडातून तोंडाने फुंकर आरपार जाते का, हे पाहा. रेक्झिन वा प्लास्टिकचे अस्तर आवाज परतवते.

एक उदाहरण पाहू. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर होते. पलंग, गादी व माणसे धरून तेथील एकूण शोषण ४ चौरस मीटर मानले, तर सॅबाइन यांच्या सूत्राप्रमाणे घुमारा सुमारे १.४ सेकंद टिकतो. मोठ्या दोन गोधड्यांचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर भरते. त्यांचे शोषण निम्मे धरल्यास आणखी ३ चौरस मीटरची भर पडते, आणि घुमारा पाऊण सेकंदावर येतो. फोनवरचा आकडा मात्र जेमतेम अडीच डेसिबलने उतरेल. एवढ्याने निराश होऊ नका. खरा लाभ शब्दांच्या गुणांत शोधावा.

एक गोधडी बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर आणि दुसरी तिच्या शेजारच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावा. समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या ठेवल्यास आवाज त्यांच्यामध्ये उसळत राहतो. खिडकीचा पडदा खिडकीच्या दुप्पट रुंदीचा आणि चुण्यांचा असावा. समई, विजेचे बोर्ड आणि हीटर यांपासून कापड दूर ठेवा. दम्याचा त्रास असल्यास दर महिन्याला धुऊन उन्हात वाळवा.

गोधडी रस्त्यावरचा गोंगाट अडवीत नाही. त्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटीच बुजवाव्या लागतात. आणि घुमारा कमी होऊनही वीसपैकी बरेच शब्द निसटत असतील, तर अडचण खोलीची नाही; श्रवणतज्ज्ञांकडून कानांची तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र कोणतेही मापन करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.