‘निगेटिव्ह’ अहवाल अर्धाच असतो
समजा, एकलहरे येथील चार वर्षांच्या मुलीचे वजन वर्षभर वाढलेले नाही. पोट फुगलेले, हिमोग्लोबिन कमी. जंताचे औषध आणि टॉनिकही देऊन झाले. डॉक्टरांना सीलिअॅक आजाराची शंका येते. या आजारात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. रक्ताची ‘टीटीजी-आयजीए’ चाचणी निगेटिव्ह येते आणि घरच्यांना हायसे वाटते.

ते घाईचे ठरू शकते. ही चाचणी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे शोधते. शरीरात मुळात आयजीएच नसेल, तर ती सापडणार कशी? सीलिअॅकच्या सुमारे २ ते ३ टक्के रुग्णांत ही कमतरता असते. म्हणून त्याच नमुन्यातून ‘एकूण आयजीए’ही मोजायला हवे. या मुलीत ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी निघाले, तर निगेटिव्ह अहवालाला अर्थ उरत नाही. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते.

दुसरी चूक घरात होते. शंका येताच पोळी बंद करून नागली-बाजरीची भाकरी सुरू केली, तर प्रतिपिंडे हळूहळू घटतात आणि आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू चालू ठेवावा. अहवाल पॉझिटिव्ह आला तरी पथ्य बालपोटविकार तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरू करावे, कारण अनेकदा एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा तपासणे बाकी असते.

दोन्ही चाचण्या एकाच चिठ्ठीवर लिहिणे हाच नियम असावा. चिठ्ठीवर एकच दिसली, तर पालकांनी दुसरी विचारावी.