मध्यस्थाची सबब

भामरागडच्या गृहिणीने मोबाइलवरून मागविलेला प्रेशर कुकर फुटला, तर तिने दाद कोणाकडे मागावी? ‘आम्ही केवळ मध्यस्थ, माल विक्रेत्याचा’, हे ऑनलाइन बाजारपेठांचे ठरलेले उत्तर. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते अमान्य केले. सक्तीच्या मानकात न बसणारे २,२६५ कुकर ॲमेझॉनवरून विकले गेले होते आणि त्यावर कंपनीला सहा लाखांहून अधिक शुल्क मिळाले होते. विक्रीवर लाभ घेणाऱ्यास दोष निघताच अंग काढून घेता येत नाही, असे ठरवून प्राधिकरणाने कुकर परत घेण्याचा, ग्राहकांचे पैसे देण्याचा आणि एक लाख रुपये दंडाचा आदेश दिला. कंपनी पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दंड मिळकतीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होता, हे आम्हांस खटकते.

शिवाय अशा आदेशाने भाजलेल्या हाताची भरपाई होत नाही. ती जिल्हा आयोगाकडेच मागावी लागते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास आपण राहतो तेथेच तक्रार करता येते. म्हणजे भामरागडकरांस मुंबई नव्हे, गडचिरोली. कुकरच्या किमतीच्या व्यवहारास शुल्कही नाही. मात्र पावती हवी आणि जाहिरातीच्या पानाचे छायाचित्रही. कारण पानावर मानकचिन्ह दाखवून भांड्यावर ते नसेल, तर जाहिरातच दिशाभूल करणारी ठरते, आणि ते पान उद्या राहीलच असे नाही.