तुमचा नको, आजोबांचा चष्मा द्या!

तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आत्ता किती जुने चष्मे पडून आहेत? माझ्याकडे चार होते. नववीतला जांभळा, बारावीतला जाड काड्यांचा, आणि नंबर वाढला म्हणून बाजूला पडलेले आणखी दोन. टाकवत नाहीत, वापरता येत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी कॉलेजच्या गेटपाशी एक खोका ठेवला, ‘जुने चष्मे द्या, कुणाला तरी दिसू द्या’ अशी पाटी लावली आणि आठवड्याभरात ४३ चष्मे जमवले. फोटो काढले, स्टोरी टाकली, भारी वाटलं.

मग कॅन्टीनच्या मावशींनी त्यातला एक उचलला. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. फ्रेम छान होती, घालून पाहिल्यावर ‘जरा बरं दिसतंय’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसल्या होत्या. डोळेच बिघडले की काय, अशी भीती त्यांना वाटत होती आणि मला अपराधी वाटत होतं. खोका उचलून मी थेट कॉलेजजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले.

दुकानातल्या काकांनी एकेक चष्मा लेन्सोमीटरवर ठेवला. लेन्सचा नंबर मोजणारं हे छोटं यंत्र असतं. तासाभरात हिशोब समोर आला. ९ चष्म्यांच्या काचा चरे पडलेल्या किंवा काड्या तुटलेल्या. ५ प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर. २२ चष्म्यांत सिलिंडर नंबर किंवा दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे. उरले ७. त्यातले २ साधे मायनसचे आणि ५ जवळचं वाचायचे. हे पाचही कुणाच्या तरी आजी-आजोबांचे होते. आम्हा मुलांचे स्वतःचे बहुतेक सगळे चष्मे बाद!

असं का, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा, तुमच्या कागदावर उजव्या डोळ्यापुढे मायनस ३.२५, सिलिंडर मायनस १.२५, अक्ष १७० असं लिहिलंय. बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसला की सिलिंडर लागतो, आणि तो काचेत नेमका कोणत्या कोनात बसवायचा ते अक्ष सांगतो. म्हणजे एका डोळ्याचे तीन आकडे, दोन डोळ्यांचे सहा. वर काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यावा लागतो, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. नंबर मोठा असेल तर त्यातला थोडा फरकही डोळ्यांवर ताण आणतो. हे सगळं जुळणारा दुसरा माणूस तुमच्या खोक्यासमोर येऊन उभा राहील, ही शक्यता किती? मावशींनी उचललेल्या चष्म्यात उजव्या काचेला दीडचा सिलिंडर होता. त्यांच्या डोळ्यांना त्याची गरजच नव्हती.

हे फक्त आमच्याच खोक्याचं रडगाणं नाही. २०१२ मध्ये ‘ऑप्टोमेट्री अँड व्हिजन सायन्स’ या नियतकालिकात दान आलेल्या २७५ चष्म्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले फक्त ७ टक्के वापरण्यालायक निघाले. धुणं, मोजणं, वर्गवारी, वाहतूक असा सगळा खर्च धरला, तर जुना चष्मा गरजूपर्यंत पोचवणं नव्या रेडिमेड चष्म्याच्या जवळपास दुप्पट महाग पडत होतं. म्हणजे आपण खोका भरून देतो तेव्हा बऱ्याचदा दान नाही, दुसऱ्याला निवडायचं काम देत असतो.

मग त्या पाच चष्म्यांत काय विशेष होतं? चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. यासाठी लागणारा चष्मा बहुतेकदा साधा असतो. प्लस १ ते प्लस ३ मधला नंबर, अनेकांना दोन्ही डोळ्यांना सारखा आणि सिलिंडर नाही. असा चष्मा एकाचा दुसऱ्याला खरंच चालतो. आणि त्याने काय होतं? आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये ती ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. सुईत दोरा ओवणारे, धान्य निवडणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, या सगळ्यांचं काम हातभर अंतरावरचं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की स्वतःचा चष्मा खोक्यात टाकू नका, घरातल्या मोठ्यांचा ड्रॉवर उघडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बदललेले, नंबर वाढला म्हणून ठेवून दिलेले वाचायचे चष्मे तिथे सापडतील. देण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा घ्या. चष्मा डोळ्यांपासून वीतभर लांब धरा आणि एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. आता चष्मा स्टिअरिंगसारखा हळूहळू फिरवा. काचेतली रेघ तिरकी होऊन बाहेरच्या रेघेपासून तुटली, तर सिलिंडर आहे. तो बाजूला ठेवा. रेघ सरळ राहिली, तर चष्मा डावीकडे-उजवीकडे सरकवा. रेघ चष्म्याच्या उलट दिशेला गेली तर प्लस, बरोबर गेली तर मायनस. दोन्ही काचांनी हे करा, मग उजेडात धरून चरे बघा. काचेच्या खालच्या भागात नंबर वेगळा वाटला, तर तो बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, तोही नको.

एवढ्यातून पास झालेला चष्मा दुकानात मोजून घ्या, नंबर चिठ्ठीवर लिहून काडीला चिकटवा आणि डोळे तपासणीचं शिबिर घेणाऱ्यांना आधी फोन करून विचारा, ‘वाचायचे चष्मे घेता का?’ परस्पर कुणाच्या डोळ्यांवर चढवू नका. जवळचं अंधुक दिसण्यामागे मोतीबिंदू किंवा मधुमेहाने बिघडलेला पडदाही असू शकतो. चष्म्यावर भागलं की माणूस तपासणी टाळतो, आणि तेच महागात पडतं.

मग आपल्या मायनसच्या चष्म्यांचं काय करायचं? शेवटचा चष्मा प्रवासाला स्पेअर म्हणून ठेवा. त्याआधीच्यांची फ्रेम धड असेल, तर नवी फ्रेम घेण्याऐवजी त्यातच नव्या काचा बसवून घ्या. तुमचेही पैसे वाचतील. त्यातले थोडे बाजूला काढले, तर रस्त्यावर दीडशे-दोनशेत मिळणारा नवा वाचायचा चष्मा कुणाला तरी देता येतो. माझ्या जांभळ्या चष्म्यापेक्षा त्याचा उपयोग नक्की जास्त.

मावशींचं काय झालं? काकांनी त्यांचे डोळे तपासले. प्लस २ निघाला, दोन्ही डोळ्यांना सारखाच. आमच्या पाचांतला एक त्यांना बसला. आता त्या पोह्यांतलं कुसळही शोधून काढतात, आणि आमची उधारीची वहीसुद्धा नीट वाचतात.