सरासरीवर घर चालत नाही

निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसांना व्याख्यानांतून एक हिशेब हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवला जातो. शेअर बाजार सरासरी बारा टक्के देतो. मग एक कोटी इक्विटी फंडात ठेवा, दरवर्षी आठ टक्के काढा, उरलेले चार मुद्दलात मुरू द्या. जन्मभर चिंता नाही! हा सल्ला लोकांच्या म्हातारपणाशी खेळतो.

पहिली चूक महागाईची. बाजाराने दरवर्षी न चुकता बारा टक्के दिले असे मानू. महागाई सहा टक्के असेल, तर पहिल्या वर्षीचे आठ लाख बाराव्या वर्षाच्या सुमारास सोळा होतात, आणि विसाव्या वर्षाअखेर कोटी जवळजवळ संपलेला असतो. साठीला निवृत्त झालेला माणूस तेव्हा ऐंशीचा असतो.

पण बाजार न चुकता देत नाही, आणि खरा घात तिथे होतो. समजा, पाच वर्षांचा परतावा उणे 30, शून्य, 20, 30 आणि 40 टक्के आहे. सरासरी बाराच. रकमेला हात लावला नाही, तर हा क्रम उलटा केला तरी कोटीचे दीड कोटीच होतात. आता दरवर्षाच्या सुरुवातीला खर्चाचे पैसे काढा: पहिल्या वर्षी आठ लाख, पुढे सहा टक्क्यांनी वाढते. चांगली वर्षे आधी आली, तर पाच वर्षांनी 1 कोटी 10 लाख उरतात. वाईट वर्षे आधी आली, तर 71 लाख. दुसऱ्या माणसाला सहाव्या वर्षी पावणेअकरा लाख हवेत, म्हणजे शिलकीच्या पंधरा टक्के. पडत्या भावात विकलेली युनिट्स तेजीत परत येत नाहीत, म्हणून ही दरी पडते. 2008 या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून अधिक पडला होता. त्या जानेवारीत निवृत्त झालेल्याला सरासरी सांगून काय उपयोग?

‘दीर्घकाळात सगळे भरून निघते’ हा जुना वाद. भर घालणाऱ्याचे निघते, काढणाऱ्याचे नाही. सगळे मुदत ठेवीत ठेवून व्याजावर जगा म्हणणाऱ्यांनाही महागाईच उत्तर देते.

अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये पैसे काढण्याचा चार टक्क्यांचा दर मांडला, तो सरासरीवरून नव्हे, तर अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट प्रारंभावरून, आणि तीस वर्षांसाठी. तोही आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये. आपली महागाई दीर्घकाळ जास्त राहिली आहे. माझ्या मते सुरुवात तीन ते साडेतीन टक्क्यांनी करावी, चार-पाच वर्षांचा खर्च ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि मुदत ठेवीत ठेवावा, आणि बाजार पडलेल्या वर्षी घरखर्चाची वाढ थांबवावी.

आठ टक्क्यांचा तक्ता कोणी पुढे केला, तर त्यातली पडझडीची वर्षे पहिल्या रांगेत आणून तो पुन्हा मांडायला सांगा. मांडला नाही, तर त्या माणसाच्या हाती पैसे देऊ नका.